साका ओळखणारं यंत्र, दोन मिनिटांचा पिच व्हिडिओ: पैशाचा आकडा आधी की शेवटी?

कातळावरून
हापूस न कापता आत साका, म्हणजे कोयीजवळचा खराब गर, आहे का ते सांगणारं हातात धरायचं यंत्र आम्ही तिघांनी बनवलंय. गेल्या हंगामात देवगड आणि रत्नागिरीच्या दोन पॅकिंग शेडमध्ये १,२०० फळांवर चाचणी घेतली, ८९ टक्के अचूकता आली. गुंतवणूकदारांना दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचाय. आत्ताची मांडणी अशी: ड्रोनमधून समुद्र आणि बागा, 'कोकणचा राजा', बागायतदाराचं नुकसान, आमचं यंत्र आणि शेवटी '१८ महिन्यांसाठी ४० लाख'. रक्कम शेवटी ठेवावी की सुरुवातीलाच सांगून टाकावी?

खाडीपलीकडे
सुरुवातीलाच, एका वाक्यात: 'आम्ही हापूसमधला साका न कापता ओळखतो आणि दोन हंगामांसाठी इतके पैसे उभे करतोय.' बघणाऱ्याला कळतं की हा आपल्या मापाचा व्यवहार आहे की नाही. पैशांचा हिशोब मात्र शेवटी.

ड्रोन काढा. निवांत मराठी बोललं तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात, म्हणजे दोन मिनिटांत दोनशे ते दोनशेवीस. त्यातले वीस सेकंद समुद्रावर घालवलेत तर पस्तीसएक शब्द गेले, आणि तेवढ्यात अख्खी समस्या सांगून होते. त्याऐवजी आढीतला एक आंबा उचला. बाहेरून केशरी-पिवळा, देठाजवळ वासही चांगला. सुरी घाला, दोन फाका वेगळ्या करा आणि कोयीजवळचा पांढुरका, स्पंजासारखा गर कॅमेऱ्यासमोर सहा सेकंद धरा. त्या सहा सेकंदांत कुणी काही बोलू नका.

पडवी
पहिल्या दहा सेकंदांत पैशाचा आकडा ऐकला की माणूस डोक्यात मोजायलाच बसतो, मग पुढचं सगळं त्याच चष्म्यातून बघतो. आधी समस्या पटू दे. हे लोक दिवसाला ढीगभर डेक उघडतात, त्यांना आकड्याचं अप्रूप नाही. सुरीचा शॉट मात्र एकदम मान्य.

बादलीभर पाणी
एवढा खटाटोप कित्याक? आंबा पाण्यात टाका. बुडला तर संशयित, तरंगला तर बरा. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच बघतात, खर्च शून्य.

खाडीपलीकडे
बादलीभर, तुमचं अर्धं बरोबर आहे. पाण्यात बुडणारं फळ जड, म्हणजे जास्त तयार झालेलं असतं आणि जास्त तयार फळात साका व्हायची शक्यता वाढते. म्हणून तर झाडावरून चौदा आणे तयार आंबा काढतात. पण पाणी तुम्हाला फळाची तयारी सांगतं, साका नाही सांगत. बुडलेल्यातही चांगली फळं निघतात आणि तरंगलेल्यात एखादा दगा देतोच.

तरी प्रश्नकर्त्यांनी बादलीभर यांचं उत्तर नीट वाचावं. 'आज लोक काय करतात?' हा पहिलाच प्रश्न येणार आणि त्याचं खरं उत्तर बादली हेच आहे. स्क्रिप्टमध्ये ते स्वतःच म्हणा: 'आज बहुतेक लोक दोनच उपाय करतात, पाण्यात टाकणं किंवा कापणं. पहिला अंदाजाचा, दुसऱ्यात फळच जातं.'

गाळ्यावरून
मला दुसरीच गोष्ट खटकते. 'बागायतदाराचं नुकसान' म्हणताय, पण यंत्राचे पैसे कोण देणार? जो बागायतदार पेट्या वाशीला पाठवतो त्याला कुठल्या फळात साका निघाला हे कळतसुद्धा नाही. घरपोच पेटी विकणाऱ्याचं तसं नसतं. गिऱ्हाईक आंबा कापतं, फोटो काढतं, व्हॉट्सॲपवर पाठवतं आणि पैसे परत मागतं. तोच खिशात हात घालेल. समस्या त्याच्या तोंडून मांडा.

पडवी
शेवटी भुर्दंड बागायतदारावरच येतो ना? साक्याची बोंब झाली की भाव पडतो.

गाळ्यावरून
येतो, पण महिन्यांनी आणि सगळ्यांवर मिळून. सगळ्यांवर मिळून आलेल्या नुकसानीसाठी एकटा माणूस यंत्र भाड्यानं घेत नाही.

खाडीपलीकडे
गाळ्यावरून यांचं बरोबर आहे. आता त्या ८९ टक्क्यांकडे येतो. १,२०० पैकी साक्याची फळं किती होती, त्यातली किती पकडली आणि चांगली किती फळं उगाच बाद केली?

कातळावरून
साका १८० फळांत होता. १५० पकडली, ३० सुटली. चांगल्या १,०२० पैकी १०२ बाद दाखवली.

खाडीपलीकडे
मग '८९ टक्के' हा शब्दच उच्चारू नका. यंत्र बंद ठेवून नुसतं 'सगळी चांगली आहेत' म्हटलं असतं तरी तुम्ही १,२०० पैकी १,०२० वेळा बरोबर ठरला असता, म्हणजे ८५ टक्के. समोरचा हे अर्ध्या मिनिटात मांडेल आणि तुमचं यंत्र चार टक्क्यांचं होऊन बसेल. खरं सांगण्यासारखं हे आहे: साक्याच्या दर सहा फळांतली पाच आम्ही पकडतो आणि चांगल्या दहातलं एक चुकून बाजूला काढतो.

ते 'एक' मात्र महाग आहे. समजा घरपोच विक्रीत आंबा ८० रुपयांना जातो आणि बाजूला काढलेला कॅनिंगला दहा रुपयांत. मग चांगल्या फळामागे ७० रुपये गेले, १०२ फळांचे ७,१४०. दुसऱ्या बाजूला पकडलेली १५० फळं: प्रत्येक गिऱ्हाइकानं पैसे परत मागितले असते असं धरलं तर परताव्याचे १२,००० वाचले, पण ती फळं विकली न गेल्यानं विक्रीचे १२,०००ही आले नाहीत, म्हणजे हातात फक्त कॅनिंगचे १,५००. यंत्र ५,६४० रुपये तोट्यात. आणि तक्रार निम्मेच करतात असं धरा, वाचलेले १२,००० सहा हजारांवर येतात. म्हणजे तोटा ११,६४०, त्यात यंत्राचं भाडं अजून धरलेलंच नाही. तुमचा धंदा दोन गोष्टींवर उभा आहे: उगाच बाद होणारी फळं कमी करणं आणि बाजूला काढलेल्या फळाला कॅनिंगपेक्षा बरा भाव मिळवणं. स्थानिक बाजारात 'कापून खात्री करा' म्हणून विकता येतील का ते तपासा.

पडवी
हे सगळं दोन मिनिटांत? अहो, व्हिडिओचं काम भेट मिळवणं एवढंच. १०२ फळांची कबुली भेटीत द्या. पहिल्याच ओळखीत स्वतःची खोट कोण दाखवतं?

खाडीपलीकडे
हिशोब भेटीत, पण 'सहातली पाच, दहातलं एक' हे व्हिडिओतच. अर्धाच आकडा दिलात तर दुसरा अर्धा ते विचारणारच, आणि तेव्हा तो लपवल्यासारखा दिसेल.

पडवी
मला नाही पटत. राहू दे.

खाडीपलीकडे
उपायाचं दृश्य कसं घ्यायचं तेही सांगतो. दहा आंब्यांवर १ ते १० चिठ्ठ्या चिकटवा. यंत्राचा निकाल पाटीवर लिहा आणि मगच कापा. हे सगळं कॅमेरा न थांबवता, कारण मध्ये कट दिसला की फळ बदलल्याचा संशय येतो. वेग वाढवून ते पंचवीस सेकंदांत बसवा. त्यात एखादा निकाल चुकला तरी तो तसाच ठेवा. आणि साका कोयीजवळून सुरू होतो, साल बाहेरून दिसते तशीच राहते. तुमचा प्रकाश नुसता सालीवरून परत येतो की गराच्या आतून जातो, हे एका वाक्यात सांगा. जाणकार सल्लागार तिथेच बोट ठेवतो.

काजूबी
आमचं काजू प्रक्रियेचं युनिट वाढवायचं आहे. अनुदानासाठी असा व्हिडिओ कुणाला पाठवायचा?

गाळ्यावरून
तुमचा विषय वेगळा आहे. पीएमएफएमई या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान मिळतं, ते बँकेच्या कर्जाला जोडून. तिथे प्रकल्प अहवाल लागतो, व्हिडिओ कुणी मागत नाही. योजना अजून चालू आहे का ते जिल्हा कृषी कार्यालयात विचारा.

सडा
व्हिडिओ सरळ यूट्यूब आणि इन्स्टावर टाका, कोकणातले लोक उचलून धरतील. आणि टीव्हीवरच्या शोमध्ये करतात तसं थेट सांगा, '४० लाख, १० टक्के हिस्सा'.

खाडीपलीकडे
सडा, यातलं पहिलं अडचणीत आणेल. खासगी कंपनी निवडक लोकांना शेअर देऊन पैसे उभे करते तेव्हा त्याची जाहीर जाहिरात करायला कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ मध्ये मनाई आहे. यंत्राचा व्हिडिओ कुठेही टाका, पण पैशांची मागणी असलेला व्हिडिओ ज्याच्याशी बोलणं चाललंय त्यालाच, शोधून न सापडणाऱ्या 'अनलिस्टेड' लिंकनं. म्हणून मागणीचा भाग वेगळा शूट करा, तो कापला तरी बाकीचा व्हिडिओ उभा राहिला पाहिजे.

टक्क्यांचंही तसंच. व्हिडिओ सहा महिने फिरतो आणि तोवर तुमच्या कंपनीची किंमत बदललेली असते. रक्कम सांगा, हिस्सा बोलण्यात ठरू दे.

आता १८ महिने. पैसे ऑक्टोबरमध्ये आले असं धरा. अठरा महिने मोजलेत की मार्चअखेर येते, म्हणजे ऐन दुसऱ्या हंगामाला जोर येतो तेव्हा तुमची तिजोरी रिकामी. आंब्याच्या धंद्यात महिने मोजू नका, हंगाम मोजा. मेअखेर गाठायला वीस महिने लागतात, आणि दुसऱ्या हंगामाचे आकडे दाखवून पुढचे पैसे उभे करायलाही वेळ जातो. म्हणून चोवीस. तिघांना दरमहा पन्नास हजार धरले तरी ३६ लाख पगारातच जातात. त्यात यंत्रं मिळवा आणि ४० पुरतात का ते तुम्हीच बघा.

कातळावरून
नाही पुरत. दहा यंत्रं १२ लाखांत बसतात. चाचणीसाठी फळं, प्रवास, कॅलिब्रेशन मिळून ७. मागणीचा भाग असा लिहिलाय:

'आम्ही ५५ लाख उभे करतोय, चोवीस महिन्यांसाठी, म्हणजे दोन पूर्ण हंगाम. पहिल्या हंगामात घरपोच आंबा विकणाऱ्या दहा शेडना दहा यंत्रं भाड्यानं. त्या हंगामाअखेर चांगलं फळ चुकून बाद होण्याचं प्रमाण दहातल्या एकावरून वीसातल्या एकावर आणायचं. ते जमलं नाही तर दुसऱ्या हंगामासाठी नवी यंत्रं बनवणार नाही. ३६ लाख माणसांवर, १२ यंत्रांवर, ७ चाचण्यांवर.'

आणि भाषेचं? मुंबईतल्या फंडांना मराठी चालेल?

पडवी
मागणी चांगली झाली. पण भाषा इंग्रजीच ठेवा. फंडातला निर्णय घेणारा मराठी असेलच असं नाही.

गाळ्यावरून
बोला मराठीत, खाली इंग्रजी सबटायटल्स द्या. तुमचं इंग्रजी अडखळलं तर यंत्रही अडखळतं असं वाटेल. आणि कॉलरला माइक लावा, पत्र्याच्या शेडमध्ये वारा आवाज खाऊन टाकतो.

खाडीपलीकडे
'दुसऱ्या हंगामासाठी नवी यंत्रं बनवणार नाही' हे वाक्य काही झालं तरी कापू नका. अख्खी स्क्रिप्ट मला पाठवलीत ती घड्याळ लावून मोठ्यानं वाचली, २ मिनिटं १४ सेकंद झाली. 'कोकणचा राजा' अजून आहे तिथे.