‘सक्सेसर’ म्हणजे वारसदार की उत्तराधिकारी?

टाकबोरू : एका साखर कारखान्याच्या संचालक मंडळासाठी मी दोन पानांचे टिपण मराठीत आणत आहे. कोणत्या जागा रिकाम्या झाल्या तर कारखाना अडेल, तिथे पुढे कोण येऊ शकेल, तो कितपत तयार आहे आणि त्याला अजून काय शिकवायचे, असा त्याचा विषय आहे. ‘सक्सेसर’साठी मी ‘वारसदार’ लिहिले होते. कार्यालय अधीक्षकांनी ते लाल शाईने खोडून ‘उत्तराधिकारी’ केले. ‘क्रिटिकल रोल’ला मी ‘महत्त्वाचे पद’ आणि ‘रेडी’ला ‘सज्ज’ म्हटले आहे.

शुद्धमती : अधीक्षकांचे बरोबर आहे. ‘वारस’ अरबीतून आलेला शब्द आहे. संस्कृत शब्द हाताशी असताना तो कशाला?

पायवाट : माझे वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते आणि मला लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसा हक्काने नोकरी मिळाली. तुमच्या कारखान्यात अशी तरतूद असेल, तर अर्ज कोणाकडे करायचा?

टाकबोरू : ही तशी योजना नाही. परंतु तुमच्या प्रश्नामुळे ‘वारसदार’ का खोडला गेला, हे मला आता उमगले.

उसाचे कांडे : मी एका कारखान्याच्या उत्पादन विभागातून निवृत्त झालो आहे. माझ्या मते ‘महत्त्वाचे पद’ हीच खरी चूक आहे, कारण ते वाचून मंडळ कार्यकारी संचालकापासून यादी सुरू करील आणि पॅनमध्ये रस आटवून साखरेचा दाणा धरणारा पॅनमन तिच्यात येणारच नाही. पॅनमधला नमुना काचेवर घेऊन दाणा कसा धरला आहे, हे तो नजरेने आणि बोटांनी ओळखतो. त्याचा अंदाज चुकून बारीक खोटा दाणा पडला, की सेंट्रिफ्युगलच्या जाळीतून मळी नीट सुटत नाही आणि तो माल पुन्हा विरघळवावा लागतो. अशा जागेला आम्ही ‘अडणीची जागा’ म्हणत असू.

वाफारा : ‘सज्ज’बद्दल वाद कशाला? बॉयलरवर ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे तो सज्ज.

उसाचे कांडे : प्रमाणपत्राशिवाय चालत नाही हे खरे, पण जळणाला ओला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, आल्यावर वाफेचा दाब कसा सांभाळायचा, हे त्यावर लिहिलेले नसते. पॅनमनला तर तेवढाही कागद पुरत नाही. आमचा मदतनीस हलक्या प्रतीच्या मालाचा सी पॅन एकट्याने चालवत असे, मात्र विक्रीच्या साखरेच्या ए पॅनवर वस्ताद शेजारी लागत असे. त्याच्या नावापुढे ‘एका वर्षात तयार’ असे लिहिले गेले. वस्तादांची निवृत्ती ऐन जानेवारीत होती आणि त्याआधीचे बरेच महिने गळीत बंद होते, तेव्हा तो शिकणार कशावर? म्हणून तयारी वर्षांत न मोजता हंगामांत मोजावी आणि शेवटच्या रकान्यात ‘प्रशिक्षण देणे’ असे मोघम न लिहिता ‘डिसेंबरपासून रात्रपाळीत ए पॅन स्वतः चालवणे, वस्ताद फक्त पाहतील’ असे लिहावे.

टाकबोरू : म्हणजे ‘एका हंगामानंतर तयार’. हे पटले.

शुद्धमती : ‘तयार’सुद्धा अरबीच आहे.

उसाचे कांडे : असू द्या. ‘उत्तराधिकारी’ संस्कृत असला, तरी त्यात अधिकार आधीच देऊन टाकलेला दिसतो. यादीत नाव आले म्हणजे जागा मिळालीच, असे आमच्या मदतनिसाने गावभर सांगितले होते.

टाकबोरू : मग ‘संभाव्य’ जोडू का?

शुद्धमती : ‘अनुगामी’ घ्या.

वाफारा : तो शब्द पाळीवर कोणाला कळणार?