मदत हवी आहे: कार्यमुक्तीच्या आदेशात 'विथ इफेक्ट फ्रॉम १२.०६.२०२४' असेल, तर १२ तारीख धरायची की सोडायची?

रानजाई

नमस्कार. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आहे. माझी विनंती बदली झाली, त्याच खात्याच्या दुसऱ्या शहरातल्या कार्यालयात. जुन्या कार्यालयाने कार्यमुक्तीचा आदेश काढला, त्यातलं वाक्य असं आहे: "इज हिअरबाय रिलीव्ह्ड ऑफ हर ड्युटीज विथ इफेक्ट फ्रॉम १२.०६.२०२४." त्यापुढे काहीही नाही.

१२ जूनला, बुधवारी, मी हजेरीपटावर सही केली, दिवसभर काम केलं आणि संध्याकाळी कपाटाच्या किल्ल्या आणि फायलींची यादी सहकाऱ्याच्या ताब्यात दिली. रात्रीच्या गाडीने निघून १३ तारखेला सकाळी नव्या कार्यालयात रुजू झाले. रुजू अहवालावर १३ जून, एफ.एन. म्हणजे दुपारआधी, असं आहे.

आता जुन्या कार्यालयाने एल.पी.सी., म्हणजे शेवटच्या वेतनाचं प्रमाणपत्र पाठवलं, त्यात पगार ११ जूनपर्यंत दिल्याचं लिहिलंय. नवं कार्यालय १३ पासून पगार काढतंय. म्हणजे १२ जून कुणाच्याच खात्यात नाही. मूळ वेतन ३५,४००, जूनचे दिवस ३०, म्हणजे दिवसाचे ११८० आणि त्यावर ५० टक्क्यांनी महागाई भत्ता. रक्कम मोठी नाही, पण सेवापुस्तकात एक दिवस रिकामा राहिला तर पुढे त्रास होईल, याची धास्ती वाटते.

जुन्या कार्यालयातले बिल बघणारे म्हणतात, "१२ पासून तुम्ही आमच्या नाहीतच." नव्या कार्यालयातल्या बाई म्हणतात, 'फ्रॉम' म्हटलं की ती तारीख सोडून द्यायची असते, त्यामुळे १२ चा पगार जुन्यांनीच द्यायला हवा. नेमकं बरोबर कोण?

तळटीप

नव्या कार्यालयातल्या बाई बरोबर आहेत. जनरल क्लॉजेस ॲक्ट १८९७, कलम ९. 'फ्रॉम' शब्द वापरला की दिवसांच्या मालिकेतला पहिला दिवस वगळला जातो आणि 'टू' वापरला की शेवटचा धरला जातो. मी बँकेत आहे, मुदतीचे हिशेब रोज याच नियमाने करतो. त्यांना कलम दाखवा, विषय संपला.

वसंतराव (निवृत्त)

तळटीप, कलम तुम्ही बरोबर सांगितलंत, पण ते इथे लागत नाही. ते कलम आहे मुदत मोजण्यासाठी. 'आदेश मिळाल्याच्या तारखेपासून ४५ दिवसांत अपील करावे' असं असेल, तर आदेश मिळाला तो दिवस सोडून मोजायला लागायचं. तिथे दोन टोकं असतात आणि मधले दिवस मोजायचे असतात. 'विथ इफेक्ट फ्रॉम' मध्ये मोजायचं काहीच नसतं. अमुक गोष्ट केव्हापासून लागू झाली, एवढंच ते सांगतं, आणि लागू होते ती त्या तारखेच्या सुरुवातीलाच. त्याच कायद्याचं कलम ५ बघा. कायदा ज्या दिवशी अमलात येतो, त्याच्या आदला दिवस संपताक्षणी तो लागू झाला असं तिथे म्हटलंय. म्हणजे मध्यरात्र उलटली की लागू.

रोजच्या व्यवहारातलं उदाहरण हवं असेल तर महागाई भत्त्याचा आदेश घ्या. ४६ चे ५० टक्के झाले ते 'विथ इफेक्ट फ्रॉम १ जानेवारी २०२४'. तेव्हा १ जानेवारीचा भत्ता जुन्या दराने आणि २ पासून नव्या दराने, असा हिशेब कुणी केलेला पाहिलाय का? जानेवारीचे पूर्ण ३१ दिवस नव्या दरानेच धरले गेले. पदोन्नती, वेतनवाढ, नव्या दरांचे आदेश, सगळीकडे लिहिलेली तारीख आत असते. तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर: तारीख धरायची.

तळटीप

मान्य. पण मग यांच्या बाबतीत ते उलटंच पडतं. १२ तारीख आत धरली तर १२ च्या सकाळपासून त्या कार्यमुक्त. म्हणजे जुन्या कार्यालयाचा माणूस बरोबर ठरतो!

वसंतराव (निवृत्त)

अगदी. अडचण तिथेच आहे. सुरू होणाऱ्या गोष्टीला हा शब्दप्रयोग चपखल बसतो. संपणाऱ्या गोष्टीला बसवला की शेवटचा दिवस कोणता, याचा घोटाळा होतो. म्हणूनच कार्यमुक्तीच्या, राजीनामा स्वीकारल्याच्या आणि प्रभार सोडल्याच्या आदेशात तारखेपुढे एफ.एन. किंवा ए.एन., म्हणजे दुपारआधी की दुपारनंतर, हे लिहायची पद्धत आहे. १२.०६.२०२४ च्या पुढे ए.एन. ही दोन अक्षरं असती तर रानजाईंना इथे यावं लागलं नसतं. आमच्या विभागात असा आदेश सहीला आला की मी सगळ्यात आधी ती दोन अक्षरं शोधायचो, मजकूर नंतर वाचायचो.

पण रानजाई, तुमचा पगार नुसत्या आदेशाच्या वाक्यावर ठरत नाही. मूलभूत नियम १७ पाहा. पदाची कामं हाती घेतल्याच्या तारखेपासून त्या पदाचं वेतन सुरू होतं आणि कामं करणं थांबताच ते बंद होतं, असं तो नियम सांगतो. गंमत म्हणजे त्यातही 'विथ इफेक्ट फ्रॉम द डेट' हेच शब्द आहेत, आणि रुजू झालेल्या दिवसाचा पगार मिळतो याबद्दल कुणाला शंका नसते. प्रभार दुपारनंतर सोडला तर तो दिवस जुन्या पदावर धरायचा, ही सर्वत्र रूढ असलेली रीत आहे. तुम्ही १२ ला संध्याकाळपर्यंत काम केलंत. तो दिवस जुन्या कार्यालयाचाच.

एक विचारतो. प्रभार हस्तांतरणाचा अहवाल केलात का? त्यावर वेळ काय लिहिली आहे?

शिरीषफूल

माझाही असाच प्रश्न आहे, म्हणून इथेच विचारते. माझे वडील ३० जूनला निवृत्त झाले आणि त्यांची वेतनवाढ १ जुलैची होती. 'विथ इफेक्ट फ्रॉम १ जुलै' म्हणून ती नाकारली. यात १ जुलै धरायचा की नाही?

वसंतराव (निवृत्त)

शिरीषफूल, तुमचा मुद्दा वेगळा आहे. तिथे १ जुलै आत धरण्याबद्दल वाद नाही, तो आतच आहे. वाद असा होता की वर्षभर काम करून वेतनवाढ कमावली ३० जूनला, पण ती देय झाली १ जुलैला आणि तेव्हा माणूस सेवेत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०२३ ला कर्नाटकच्या वीज पारेषण महामंडळाच्या प्रकरणात कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. वडिलांच्या कार्यालयाकडे त्या निकालाचा हवाला देऊन अर्ज करा आणि त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे दोन्ही मिसळलं तर रानजाईंचं उत्तर हरवेल.

रानजाई

वसंतराव सर, प्रभाराचा अहवाल केला होता. एका पानाचा आहे, फायलींची यादी जोडलेली आहे, दोघांच्या सह्या आहेत आणि तारखेपुढे ए.एन. असं हाताने लिहिलेलं आहे. त्याचा फोटो माझ्याकडे आहे.

वसंतराव (निवृत्त)

मग तुमची बाजू भक्कम आहे. जुन्या कार्यालयप्रमुखांना एक छोटा अर्ज करा. सोबत प्रभार अहवाल आणि १२ जूनच्या हजेरीची प्रत लावा. दोनच गोष्टी मागा. एक, कार्यमुक्तीच्या आदेशाला शुद्धिपत्रक, ज्यात तारखेपुढे ए.एन. वाचावे असं असेल. दोन, १२ जूनचा पगार काढून 'पगार १२ जूनपर्यंत अदा' असं दुरुस्त एल.पी.सी. क्रम हाच ठेवा. आधी एल.पी.सी. मागितलं तर बिल बघणारा मूळ आदेशाकडे बोट दाखवेल, आणि त्याच्या जागी तोही चूक नाही, कारण त्याच्यासमोर तोच कागद आहे. अर्ज नव्या कार्यालयामार्फत पाठवा आणि पोच घ्या.

माळरान

एवढं कशाला? १२ तारीख जॉइनिंग टाइम म्हणून धरायची आणि पगार नव्या कार्यालयाने काढायचा. बदलीत प्रवासाला दिवस मिळतातच, आणि तो काळ कर्तव्य म्हणूनच धरतात. माझ्या बदलीत असंच केलं होतं.

वसंतराव (निवृत्त)

तुमची बदली प्रशासकीय असणार. तिथे हे जमतं. प्रभार दुपारआधी सोडला तर पदग्रहण अवधी त्याच दिवसापासून धरतात, दुपारनंतर सोडला तर दुसऱ्या दिवसापासून. पण रानजाईंनी पहिल्याच ओळीत विनंती बदली म्हटलंय. स्वतःच्या विनंतीवरून झालेल्या बदलीला हा अवधी मिळत नाही. लागलेले दिवस रजेत टाकावे लागतात. म्हणजे तुमच्या वाटेने गेलं तर दिवसभर काम केलेल्या दिवसाची रजा त्यांना द्यावी लागेल. हे मला अजिबात पटत नाही.

रानजाई

नव्या कार्यालयाने खरंच तेच सुचवलंय, एक दिवसाची अर्जित रजा टाका, म्हणजे सगळं जुळतं. मी अजून अर्ज दिलेला नाही.

वसंतराव (निवृत्त)

देऊ नका. १२ तारखेला हजेरीवर तुमची सही आहे. त्याच दिवसाची रजा सेवापुस्तकात चढली तर दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलतील. सेवा पडताळणी करताना किंवा निवृत्तीच्या वेळी तो विरोध कुणाच्या तरी नजरेला पडतो, आणि तोवर जुन्या कार्यालयात तुम्हाला ओळखणारं कुणी उरलेलं नसतं.

तळटीप

एक शंका राहतेच. मूळ आदेश देणारा अधिकारी म्हणाला की मला सकाळपासूनच कार्यमुक्त करायचं होतं, तर? आदेशाचं वाक्य त्याच्या बाजूने आहे. दिवसभर काम केलं हा त्यांचा स्वतःचा निर्णय, असं तो म्हणू शकतो.

वसंतराव (निवृत्त)

म्हणू शकतो. पण त्याच कार्यालयाच्या माणसाने ए.एन. लिहिलेल्या अहवालावर सही करून प्रभार घेतलाय, आणि हजेरीपट १२ तारखेला तिच्यासाठी उघडा होता. हे दोन्ही असताना तसं म्हणणं अवघड जाईल. तरी आदेश तिला कधी मिळाला, यावरही थोडं अवलंबून आहे. रानजाई, आदेश हातात पडला तो दिवस आठवतो का?

रानजाई

आदेशावर तारीख ११ जूनची आहे, पण माझी पोचेची सही १२ ला दुपारी घेतली. जेवणाच्या सुट्टीनंतर शिपाई घेऊन आले होते.

वसंतराव (निवृत्त)

मग ती पोच अर्जाला जोडाच. दुपारी मिळालेल्या आदेशाने सकाळी कार्यमुक्त कसं होणार?

रानजाई

अर्ज आज पाठवला, तिन्ही कागद जोडून. जुन्या कार्यालयात फोनही केला. अधीक्षक म्हणाले की शुद्धिपत्रक काढायला हरकत नाही, पण सही करणारे साहेब दौऱ्यावर आहेत, शिवाय लेखा विभागाचं म्हणणं लेखी घ्यावं लागेल. उत्तर आलं की इथे लिहिते.