‘उन्नत कोन’ की ‘उन्नयन कोन’? आणि ‘उंची’ नेमकी कुठून धरायची?

इंद्रायणीकाठ:
मी दहावीला भूमिती शिकवते. मागच्या आठवड्यात मुलांना घेऊन गावामागच्या टेकडीची उंची काढली. टेकडीवर देऊळ आहे, त्याच्या कळसाचं टोक धरलं. पायऱ्यांच्या कमानीपाशी एक खुंटी ठोकली आणि तिथून मागे, टेकडीच्या सरळ रेषेत, ८० मीटरवर शेतात दुसरी. कोनमापकाला दोरा आणि दगड बांधून कोन घेतले. कमानीपाशी २५ अंश आले, शेतातून १८. उंची निघाली ८५.७ मीटर.

माझे दोन प्रश्न शब्दांचे आहेत. आमच्या पुस्तकात ‘उन्नत कोन’ आहे, पण हिंदी माध्यमातून आलेला एक मुलगा ‘उन्नयन कोण’ म्हणतो. त्यातला बरोबर कोणता? दुसरा प्रश्न गावातल्या एका आजोबांनी विचारला: “बाई, ही उंची कुठून?” मी ‘पायथ्यापासून’ म्हणाले, पण तेव्हापासून माझंच समाधान होत नाहीये.

शब्दवेडा:
‘उन्नत’ म्हणजे वर गेलेलं. कोन काही वर जात नाही, नजर वर जाते. म्हणून नजर वर नेण्याचा कोन, ‘उन्नयन कोन’, हेच शुद्ध. आपल्या पाठ्यपुस्तकातला शब्द व्याकरणाने लंगडा आहे.

रानवाटा:
ताई, २५ अंश जरा कमीच वाटतात. आमच्या भागातल्या टेकड्यांचा चढ सहज ३५-४० अंशांचा असतो, मी दर रविवारी चढतो. मोजताना चुकलं असणार. आणि उंचीसाठी एवढा खटाटोप कशाला? कळसूबाई १६४६ मीटर हे सगळ्यांना पाठ असतं, तशी तुमच्या टेकडीचीही नकाशावर असेल.

ओळंबा:
रानवाटा, तुम्ही चढणीबद्दल बोलताय. टेकडीच्या अंगाचा उतार ४० अंशांचा असू शकतो आणि तरीही कमानीपासून कळसाकडे बघताना नजर २५ अंशच वर उचलावी लागेल, कारण बघणारा उतारावर उभा नाही, उतार सुरू होण्याच्या अलीकडे उभा आहे. तो जसजसा मागे जाईल तसा हा कोन कमी होत जाईल. टेकडीची चढण मात्र तीच राहील.

आणि कळसूबाईचे १६४६ मीटर समुद्रसपाटीपासूनचे आहेत. बारी गावातून चढणारा माणूस तेवढा चढत नाही, कारण गावच मुळात बरंच उंचावर आहे. ताईंच्या आजोबांचा प्रश्न हाच आहे, आणि तो फार चांगला आहे.

मी ३४ वर्षं मोजणीत काढली, म्हणून सांगतो. ताई, तुमचे ८५.७ मीटर पायथ्यापासूनचे नाहीत. ते मुलाच्या डोळ्यापासूनचे आहेत. कोनाचा शिरोबिंदू जिथे, तिथून उंची. मुलगा उभा असेल तर दीड मीटर मिळवा. मग ती कमानीपाशी पाय टेकलेल्या जमिनीपासूनची होते. ‘पायथा’ या शब्दाला मोजणीत जागाच नाही. टेकडी नेमकी कुठे सुरू होते हे चार माणसं चार ठिकाणी दाखवतील.

पाटणकर:
शब्दवेडा, सविनय असहमत. ‘उन्नत’ हा उद् + नम् पासून, ‘अवनत’ हा अव + नम् पासून. एकाच धातूची जोडी. वर वाकलेली नजर, खाली वाकलेली नजर. आकाशाच्या मोजणीतले ‘उन्नतांश’ आणि ‘नतांश’ हेही त्याच कुळातले. हिंदीत मात्र ‘उन्नयन’ हा नी धातूचा, वर नेणे, आणि त्याच्यासमोर ठेवलेला ‘अवनमन’ हा नम् धातूचा. जोडीच जुळत नाही. ‘उन्नमन’ म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. आपल्या पुस्तकातले शब्द लंगडे नाहीत, उलट जास्त विचाराने घडलेले आहेत.

शब्दवेडा:
धातूंचं तुमचं पटलं, जोडीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. पण ‘उन्नत’ हे विशेषण आहे आणि ते ‘कोन’ला लागतं, हा माझा आक्षेप तसाच राहतो. ‘उन्नतीकोन’ असा समास केला असता तर?

पाटणकर:
‘उन्नतीकोन’ ऐकायला प्रगतिपुस्तकातला वाटेल! पण तुमचा आक्षेप मी उडवून लावत नाही.

आजोबांच्या प्रश्नावर मला लीलावती आठवली. १९व्या-२०व्या शतकात आलेलं हे गणित नाही, भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास छायाव्यवहारात हेच मांडलं आहे. तिथे डोंगराऐवजी दिवा आहे. १२ अंगुळांच्या शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, सावली ८ अंगुळं पडते. तोच शंकू सावलीच्या टोकाच्या दिशेने दोन हात, म्हणजे ४८ अंगुळं, पुढे ठेवला तर सावली १२ अंगुळं होते. दिव्याची उंची सांग.

यात कोन हा शब्द कुठेच नाही. दोन सावल्यांच्या टोकांमधलं अंतर, ‘छायाग्रांतर’, ४८ + १२ − ८ म्हणजे ५२. सावल्यांमधला फरक ४. बाराने गुणून चाराने भागलं की १५६ अंगुळं, साडेसहा हात. त्याला ते ‘दीपौच्च्य’ म्हणतात. ताईंनी केलेलं गणित हेच आहे, d हे दोन खुंट्यांमधलं अंतर, α शेतातला कोन आणि β कमानीपाशीचा:

```
h = d / (cot α − cot β)
```

सावली भागिले शंकू म्हणजेच cot. १२/१२ वजा ८/१२ केलं की एक तृतीयांश, आणि ५२ भागिले एक तृतीयांश म्हणजे १५६. माझ्या शाळेत cot हे अक्षर फळ्यावर आलं तेव्हा ते कशाचं आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. ते सावलीचं आहे, हे लीलावती वाचताना चाळिशीत कळलं.

आणि आजोबांसाठी एक गोष्ट. भास्कराचार्यांना डोळ्याचे दीड मीटर मिळवावे लागत नाहीत, कारण त्यांचा शिरोबिंदू सावलीच्या टोकाशी, थेट जमिनीवर आहे.

इंद्रायणीकाठ:
पाटणकर, हे मी उद्याच वर्गात शंकू उभा करून दाखवणार.

आता एक कबुली. काल आजोबांनी मुलांकडून पायऱ्या मोजून घेतल्या. ३९० भरल्या, एकेक साधारण सात इंचाची. म्हणजे अंगणापर्यंत ६९-७० मीटर. अंगणापासून कळस अंदाजे पाच मीटर. मधले दोन-तीन टप्पे उताराचे आहेत, ते धरले नाहीत. तरी ७५ ते ७८च्या पुढे जात नाही. आमचं उत्तर दीड मीटर मिळवून ८७. एवढा फरक कोनाच्या चुकीने पडेल का?

रानवाटा:
आता कळलं मी काय गोंधळ केला. पण मग मला एक सांगा, दोऱ्याचा कोनमापक २५ दाखवतच नाही ना? मी करून बघितलं, दोरा ६५वर येतो.

इंद्रायणीकाठ:
बरोबर, आम्हीही ९० मधून वजा केले. शेतात ७२ दिसत होते.

ओळंबा:
कोनाच्या चुकीने फरक पडेल का? पडेल. २५च्या जागी खरा कोन २६ असता तर उत्तर ७८ आलं असतं, २४ असता तर ९६. दोऱ्याच्या कोनमापकावर एक अंश म्हणजे दोऱ्याच्या जाडीचा आणि वाऱ्याचा खेळ. दोन कोन एकमेकांच्या जवळ असले की असं होतं. तुमची आधाररेषा आखूड आहे. शेतातली खुंटी ८० ऐवजी २२० मीटरवर न्या. तिथे कोन १२च्या आसपास येईल, आणि मग कमानीपाशी एका अंशाची चूक झाली तरी उत्तर ८३ ते ९० मध्येच राहील.

पण माझा संशय दुसरीकडे आहे. तुमच्या कमानीपासून शेत खाली उतरतं का?

इंद्रायणीकाठ:
हो, थोडंसं. पाणी तिकडेच वाहतं. पण डोळ्याला सपाटच वाटतं.

ओळंबा:
तिथेच पाणी मुरतंय, ताई. हे सूत्र दोन्ही जागी बघणाऱ्याचा डोळा एकाच पातळीत आहे असं गृहीत धरतं. शेतातली खुंटी तीन मीटर खाली असेल तर ८० मीटरमध्ये ते डोळ्याला जाणवतही नाही. पण गणितात ते तीन मीटर १८ अंशांच्या cotने, म्हणजे तिपटीहून जास्त, गुणले जातात. ८० मधून ९.२ वजा करावे लागतात. उरलेले ७०.८ भागिले दोन cotमधला तोच फरक, ०.९३३, म्हणजे ७५.८. दीड मिळवा, ७७.३. तुमच्या आजोबांच्या पायऱ्या याच्या जवळ आहेत.

तीन मीटर हा माझा अंदाज आहे, ते मोजा. गवंड्याकडची पारदर्शक पाण्याची नळी घ्या, दहा-दहा मीटरच्या टप्प्याने दोन्ही टोकांचं पाणी बघत शेतापर्यंत जा आणि फरक जोडत चला. पाणसळ फळीवर ठेवूनही होईल, पण आठ टप्प्यांत चूक साचते. नळी बरी.

उतार लपलाय हे ओळखायचं असेल तर तिसरी खुंटी ठोका. तीन जागांतून दोन-दोनच्या जोड्या घ्या. जमीन सपाट आणि कोन नीट असतील तर तिन्ही उत्तरं जवळजवळ येतील. ती फाकली तर काहीतरी बिघडलंय. मात्र तिन्ही खुंट्या एकाच सारख्या उतारावर जवळजवळ असतील तर उत्तरं थोडीच फाकतील, तो फरक कोनाच्या चुकीत लपेल आणि तिन्ही उत्तरं चुकीची असतील. म्हणून नळी ती नळी.

रानवाटा:
काका, आमच्याकडच्या टेकड्यांना देऊळ नाही, माथा गोल आहे. मग टोक कुठलं धरायचं?

ओळंबा:
गोल माथ्याला ही रीत लावू नका. जवळ गेलात की खरा माथा कडेमागे लपतो आणि तुम्ही कडाच बघता. मागे गेलात की माथा दिसतो. दोन कोन दोन वेगळ्या बिंदूंचे झाले. कुणाला तरी वर काठी घेऊन उभं करा, झेंडा बांधा, आणि दोन्हीकडून तोच झेंडा धरा.

शब्दवेडा:
म्हणजे ‘माथा’ आणि ‘शिखर’ हेही इथे एक नाहीत. ‘माथा’ पसरट असू शकतो, ‘शिखर’ला टोक लागतं. डोंगराची उंची म्हणताना आपण कुठला शब्द वापरतो?

पाटणकर:
सुळक्याला शिखर, पठाराला माथा, असं मी तरी बोलतो. पण कोकणातले लोक दोन्हीला ‘टोक’ म्हणताना ऐकलंय. यावर इतरांनी लिहावं.

इंद्रायणीकाठ:
नळी फिरवली. नऊ टप्पे झाले, एकूण फरक २ मीटर ७० सेंटिमीटर. मुलं आत्ता गणित करताहेत. आजोबा कमानीपाशी बसून आहेत, आणि “आता कुठून म्हणायचं?” असं विचारल्यावर एका मुलीने फक्त खुंटीकडे बोट दाखवलं.