मदत हवी आहे: २६ वर एसी ठेवला की रात्री चिकचिक, फॅन कोणत्या मोडवर ठेवावा?

मंडळी, बेडरूममध्ये दीड टनाचा साधा स्प्लिट एसी आहे, इन्व्हर्टर नाही. बिल कमी यावं म्हणून तापमान २६ आणि एसीचा फॅन 'हाय'वर ठेवतो, वर छताचा पंखा मंद. पहिला तास छान जातो. खोली गार झाली की कॉम्प्रेसर बंद पडतो, पण आतला ब्लोअर चालूच राहतो आणि थोड्याच वेळात अंग चिकट व्हायला लागतं. माझा अंदाज असा की कॉइलवर साचलेलं पाणी निथळून जायच्या आत हीच हवा ते सुकवून परत खोलीत आणते. २४ केलं की बरं वाटतं, पण मग कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि पहाटे पांघरूण शोधावं लागतं. (१६ वर ठेवा, लवकर गार होईल, असं कृपया सुचवू नका. साध्या एसीत कॉम्प्रेसर तेवढ्याच जोराने चालतो, फक्त थांबत नाही.)

आता २६ तसंच ठेवून फॅन 'लो' करायचा विचार आहे. हवा हळू गेली की कॉइल जास्त थंड राहतं आणि ओलावा जास्त ओढला जातो. भीती एवढीच की हवा फार कमी पडून कॉइलवर बर्फ धरेल का? फिल्टर स्वच्छ आहे.

'ऑटो'मध्ये कॉम्प्रेसर थांबल्यावर तुमचा ब्लोअर खरंच मंदावतो का? आणि रात्रभर 'ड्राय' मोड वापरणाऱ्यांनी मीटरचं रीडिंग ताडून पाहिलंय का?