स्ट्रेंथ ८५, तरी चित्राचे चौकोन का?

> रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरातल्या अँटेनावर दूरदर्शन लागतं, सिग्नल ८५ टक्के दाखवतो, तरी चित्राचे चौकोन पडतात. बूस्टर लावूनही तेच.

८५ हा आकडा बहुधा स्ट्रेंथचा असेल. त्याच पडद्यावर खाली क्वालिटीची पट्टी असते, सिग्नल किती स्वच्छ येतो ही खरी गोष्ट ती सांगते. बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, आणि सिग्नल मुळातच जोरदार असेल तर ट्यूनर गुदमरतो. म्हणून आधी बूस्टर काढा.

दुसरा संशय परावर्तनाचा. समोरच्या इमारतीवरून, गोदरेजच्या कपाटावरून, खिडकीच्या लोखंडी जाळीवरून आपटून आलेल्या लहरी मूळ लहरींत मिसळतात. टीव्हीच्या यूएचएफ लहरीची लांबी साधारण अर्धा मीटर, त्यामुळे अँटेना वीतभर सरकवला तरी फरक पडतो. सेटिंगमधलं सिग्नलचं पान उघडं ठेवा आणि अँटेना थोडा थोडा हलवा. प्रत्येक वेळी हात काढून, बाजूला होऊन दहा सेकंद थांबा. आपलं शरीरही सिग्नल अडवतं आणि आकडा उशिरा बदलतो.

आमच्याकडे अँटेना टीव्हीमागे असताना स्ट्रेंथ ८० आणि क्वालिटी ३५ होती. अँटेना जाळीपासून दूर, टॉवरच्या दिशेच्या भिंतीवर उंच लावला. स्ट्रेंथ ६२ वर उतरली, क्वालिटी ७८ झाली आणि चौकोन गेले. (घरातले म्हणाले, आकडा कमी झाला म्हणजे बिघडवलंस!)

पंखा लावल्यावरच चौकोन पडतात का, तेही बघा. फिरती पाती परावर्तन सतत बदलत राहतात. सगळीकडे क्वालिटी खालीच राहिली, तर गच्चीवरच्या अँटेनाला पर्याय नाही.