हजेरीचा आकडा जुळत नाही तेव्हा

«रात्री अलार्म वाजला, सगळ्या मुली खाली आणल्या. अहवालात हजेरीचा एकच आकडा दिला तर चालेल का?»

नको, गोची तिथेच होते. आमच्या नेरूळच्या हॉस्टेलात रजिस्टरवर ११८ मुली, रात्री बाहेर ९, म्हणजे खाली १०९ हव्यात. गेटबाहेर मजल्यावार मोजल्या तर १०८. तिसऱ्या मजल्यावरची एक कमी. रूममेट म्हणाली, "मॅडम, ती इअरफोन घालून झोपते." हे वेळेसकट लिहा. शोधायला कुणी वर न जाता अग्निशमन दलाला खोली सांगितली, हेही लिहा. अलार्मचं पॅनेल रिसेट करण्याआधी त्यावर इमारतीचा कुठला झोन लागला त्याचा फोटो घ्या, नाहीतर वॉचमनचं "किचनचाच असेल" हेच कारण ठरतं. आणि मुक्कामी मैत्रिणी वेगळ्या मोजा. एक पाहुणी उभी असली की १०९ आपोआप भरतात.