कंपास प्रत्येक उड्डाणापूर्वी कॅलिब्रेट करावा, की आधी वायरिंग सुधारावे?

प्रश्न (देगावचा विद्यार्थी): आमच्या 450 मापाच्या क्वाडकॉप्टरवर अर्डुपायलट आहे, बॅटरी 4S आहे आणि जीपीएस-कंपासचे मॉड्यूल वरच्या प्लेटवर सपाट चिकटवलेले आहे. कॅलिब्रेशन दर वेळी हिरवे दाखवते, तरीही जीपीएसवर जागा धरणाऱ्या लॉइटर मोडमध्ये काही सेकंद स्थिर राहिल्यावर ड्रोन मोठे होत जाणारे गोल मारू लागते. शेत बदलले की पुन्हा कॅलिब्रेट करावे, असे काहीजण सांगतात. ते खरे आहे का?

मंगळवेढ्याचा फवारणीवाला: खरे आहे. मी गाव बदलले की कॅलिब्रेशन केल्याशिवाय ड्रोन वर नेत नाही. यंत्र पिकअपमधून लोखंडी अवजारांशेजारी प्रवास करते, शेतात बोअरचे केसिंग असते आणि विजेचे खांब असतात. पाच मिनिटे जातात, पण पिकाच्या आणि यंत्राच्या किमतीपुढे ती काहीच नाहीत.

चुंबकमापी: फवारणीवाल्या बंधूंची काळजी रास्त असली, तरी या प्रश्नाचे ते उत्तर नाही. कॅलिब्रेशन हे शेताचे नसून ड्रोनच्या अंगाचे असते. स्क्रू, मोटरचे चुंबक आणि बझर यांच्यामुळे कंपासवर जो कायमचा ओढा पडतो, तो मोजून `COMPASS_OFS_X` आणि त्याच्या भावंडांमध्ये साठवला जातो. हा ओढा मोहोळमध्ये जेवढा असतो तेवढाच अक्कलकोटला असतो. चुंबकीय उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांतला फरक ठिकाणानुसार बदलतो हे खरे, परंतु `COMPASS_AUTODEC` सुरू असेल तर जीपीएस मिळताच तो आपोआप भरला जातो.

मुख्य मुद्दा असा की आपण ड्रोन हातात धरून फिरवता तेव्हा मोटरी बंद असतात, म्हणजे बॅटरीच्या वायरमधून जवळजवळ काहीच प्रवाह जात नाही. हवेत तोच प्रवाह 20 अँपिअर होतो. बॅटरीच्या लाल आणि काळ्या वायरींमध्ये एक सेंटिमीटर अंतर असेल आणि कंपास त्यांच्यापासून पाच सेंटिमीटरवर असेल, तर त्या जोडीचे क्षेत्र सुमारे 160 मिलिगॉस भरते. सोलापूर परिसरात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग, ज्यावरून दिशा ठरते, साधारण 380 मिलिगॉस आहे. हे 160 त्याला काटकोनात आले तर दिशा 23 अंशांनी चुकते. तो ओढा उत्तर-दक्षिण रेषेतच आला तर मात्र दिशा मुळीच चुकत नाही. म्हणून नाक एका बाजूला असताना ड्रोन शांत राहते आणि नव्वद अंश वळवताच गोल मारू लागते. आपल्याकडे असे होते का, हे मुद्दाम तपासून पाहावे.

सुरुवातीचे काही सेकंद ठीक का जातात, याचे कारणही यातच आहे. तेवढा वेळ जायरो दिशा धरून ठेवतो, नंतर कंपास हळूहळू ती आपल्याकडे ओढतो. चुकलेल्या दिशेवर भरवसा ठेवून कंट्रोलर दुरुस्ती करू लागतो आणि ती दुरुस्ती तिरकी पडते.

सात रस्त्यावरचा फोटोग्राफर: मला हाच त्रास होतो. लग्नाच्या शूटिंगसाठी मंगल कार्यालयाच्या गच्चीवरून कॅमेरा ड्रोन उडवतो, तेव्हा अ‍ॅप दर वेळी कॅलिब्रेशन मागते आणि मी गच्चीवरच करून टाकतो. माझ्याही वायर कंपासपासून दूर न्याव्या लागतील का?

चुंबकमापी: आपला प्रश्न वेगळा आहे. स्लॅबमधल्या सळ्या कंपासला चुकीचे क्षेत्र दाखवतात, म्हणून अ‍ॅप तक्रार करते. तेथेच कॅलिब्रेट केले तर सळ्यांची चूक ड्रोनच्या अंगाची समजून साठवली जाते आणि वर गेल्यावर तीच आडवी येते. कॅलिब्रेशन मोकळ्या मैदानात करावे आणि उड्डाणही शक्यतो जमिनीवरूनच करावे.

होटगी_हॉबी: एवढे करण्याची गरज नाही. मॉड्यूलखाली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि तांब्याची टेप लावा. माझ्या ड्रोनवर त्याने जीपीएसचे उपग्रह लगेच वाढले.

चुंबकमापी: उपग्रह वाढले असतील, कारण फॉइल कॅमेऱ्याचा किंवा व्हिडिओ ट्रान्समीटरचा रेडिओ गोंगाट अडवते. बॅटरीच्या एकदिश प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र मात्र तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम यांतून सरळ आरपार जाते. लोखंडी पत्रा लावाल तर तो स्वतःच कंपासला ओढेल. अंतर हाच उपाय आहे. मुंबईत ट्राम विजेवर धावू लागणार, तेव्हा कुलाब्याचे चुंबकीय वेध घेण्याचे काम 1904 साली अलिबागला हलवावे लागले, कारण तो ओढा अडवण्याजोगा नव्हता.

तेव्हा मॉड्यूल खांबावर चढवून वायरींपासून 12 सेंटिमीटर दूर न्या. वायरींची तीच जोडी तेथे जेमतेम 28 मिलिगॉस देईल आणि दिशेची चूक चार अंशांच्या आसपास राहील. लाल-काळी वायर एकमेकींना पिळून घेतली तर ती आणखी घटेल. अंतर दुपटीहून थोडे जास्त झाले आणि ओढा सहाव्या हिश्श्यावर आला, कारण जाणाऱ्या-येणाऱ्या जोडीचे क्षेत्र अंतराच्या वर्गाने पडते. कंट्रोलरच्या आतला कंपास पॉवर वायरींच्या शेजारीच असतो, त्यामुळे तो वापरातून काढावा. यानंतर मैदानात एकदाच कॅलिब्रेट करावे आणि उड्डाणाच्या लॉगवर मॅव्हएक्सप्लोररमध्ये हे पाहावे:

```
graph sqrt(MAG[0].MagX**2+MAG[0].MagY**2+MAG[0].MagZ**2) BAT[0].Curr:2
```

पहिली रेघ म्हणजे क्षेत्राचा आडवा आणि उभा भाग मिळून; ती आपल्याकडे सुमारे 420 वर सपाट राहिली पाहिजे. प्रवाहाच्या रेघेबरोबर ती वर-खाली होत असेल, तर दोष वायरिंगचा आहे आणि कितीही वेळा कॅलिब्रेशन केले तरी तो जाणार नाही.

मंगळवेढ्याचा फवारणीवाला: हिशोब पटला, पण माझ्या यंत्राला खांब लावायला जागा नाही. प्रवाह शंभर अँपिअरच्या पुढे जातो. त्यासाठी प्रवाहाचा ओढा मोजून वजा करणारे मोटर कंपेन्सेशन करायचे म्हटले, तर प्रोपेलर एकेक जागा सरकवून आणि उलटे लावून, यंत्र जमिनीला जखडून थ्रॉटल अर्ध्याच्या वर न्यायचा. एवढ्या मोठ्या प्रोपेलरांजवळ मी माणूस उभा करणार नाही.

चुंबकमापी: करूही नये. प्रवाह मोजणारा पॉवर मॉड्यूल असेल, तर साध्या उड्डाणाच्या लॉगवरून मॅगफिट या साधनाने तेच आकडे काढता येतात. ते `COMPASS_MOT_X` आणि पुढच्या दोन पॅरामीटरमध्ये भरून `COMPASS_MOTCT` 2 ठेवावे. वायर मात्र चिमट्याने पक्क्या बांधाव्यात, कारण एक वायर सरकली की हे आकडे निरुपयोगी होतात. ओढा पृथ्वीच्या क्षेत्राच्या 60 टक्क्यांहून अधिक असेल, तर गणिती दुरुस्तीवर विसंबू नये.

फर्मवेअरवाला: माझे मत दोघांपेक्षा वेगळे आहे. अशा यंत्राचा कंपासच बंद करावा. दोन अँटेनांच्या जीपीएसवरून दिशा घेता येते. ते परवडत नसेल तर `EK3_SRC1_YAW` 8 ठेवून हालचालीवरून दिशा काढता येते.

मंगळवेढ्याचा फवारणीवाला: दुसऱ्या पद्धतीत जीपीएस मोडशिवाय उड्डाण करून आधी थोडे हलवावे लागते, तेव्हा कुठे दिशा मिळते. टाकी भरलेली, बांध अरुंद आणि शेजारी दुसऱ्याची द्राक्षबाग असताना माझा चालक ते कसे करील? दोन अँटेनांचा विचार मात्र करता येईल.

देगावचा विद्यार्थी: खांब लावला, वायर पिळली आणि आतला कंपास बंद केला. नाक पूर्वेला असताना होणारे गोल थांबले आहेत. लॉगमधली रेघ आता प्रवाहाबरोबर फारशी हलत नाही, पण वेगाने वर चढताना अजून थोडी उचलते.

चुंबकमापी: चढताना प्रवाह वाढतो, त्यामुळे थोडी उचल राहणारच. ती दहा टक्क्यांच्या आत असेल तर तशीच राहू द्या. त्याहून जास्त असेल तर बॅटरीच्या प्लगजवळ वायरींमध्ये फट उरली आहे का ते पाहा, कारण पिळलेल्या वायरी शेवटी तेथेच सुट्या होतात.